बंद पडलेला पंखा

छताखालच्या जलतरण तलावावर सात जीवरक्षक होते आणि त्यांची प्रमुख होती ती. सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. तलावाचे व्यवस्थापक म्हणजे मास्तर. ते कोणे एके काळी खरोखरच पोहायला शिकवत आणि तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. आठ वर्षांची असताना ती काठ सोडायला तयार नव्हती, तेव्हा मास्तर पाण्यात उतरून तासभर नुसते तिच्याशी गप्पा मारत उभे राहिले होते. तिला ढकलून देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आता केसांत पांढरं आलं तरी कोणाला ढकलणं त्यांना जमत नसे, आणि वरच्या कचेरीला तर नाहीच नाही.

हवा बाहेर ओढणाऱ्या दोन मोठ्या पंख्यांपैकी एक हिवाळ्यातच बंद पडला होता. पाणी बघायला निळंशार, पण आत पाऊल टाकलं की तो उग्र वास नाकात शिरायचा. बाहेरच्यांना वाटे, क्लोरीन जास्त झालं. खरं तर पोहणाऱ्यांच्या घामात मिसळून क्लोरीनचं जे दुसरंच काही होतं, ते पाण्यावर तरंगत राहतं आणि हवा खेळती नसली की डोळ्यांना झोंबतं. संध्याकाळी मुलांच्या तुकड्या आल्या की खोकल्याची साथ आल्यासारखं वाटायचं. उंच खुर्चीवर बसलेल्या जीवरक्षकांचे डोळे लाल होत. पाण्यावरून नजर काढायची नाही हेच ज्यांचं काम, ते डोळे चोळत बसलेले.

ताईने हे मास्तरांच्या कानावर पहिल्याच आठवड्यात घातलं होतं. मास्तरांनी लगेच मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, मोटर गेलीय, दुरुस्त होण्यातली नाही, नवीनच घ्यावी लागेल. एवढा खर्च मंजूर करणं मास्तरांच्या हातात नव्हतं. ते म्हणाले, बघतो. पुढच्या वेळी म्हणाले, वर पाठवलंय. त्यानंतर नुसतं, चाललंय. दरम्यान ताईने आपल्या हातात होतं तेवढं केलं: जीवरक्षकांच्या पाळ्या लहान केल्या, तलावात ताजं पाणी जास्त सोडायला लावलं, मुलांना आंघोळ केल्याशिवाय उतरू दिलं नाही. वास चार दिवस कमी व्हायचा, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग एका संध्याकाळी दम्याचा त्रास असलेल्या एका मुलीला श्वास घेता येईना. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, औषध दिलं, पंधरा-वीस मिनिटांत ती सावरली. तिची आई रागावली नाही, फक्त म्हणाली, "आता आम्ही येत नाही." ताईला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी जाऊन तिने मास्तरांच्या वरच्या बाईंना, म्हणजे शहरातले सगळे तलाव आणि मैदानं बघणाऱ्या विभागप्रमुखांना, ईमेल लिहायला घेतला. एका दमात पानभर लिहून झालं. नणंद जेवायला आली होती, तिला तिने ते वाचून दाखवलं. नणंद रुग्णालयात परिचारिका. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "‘कोणाला काही पडलेली नाही’ हे तू बघितलंस?"

"म्हणजे काय, दिसतंयच की."

"आम्ही पाळी बदलताना लिहितो ना, तेव्हा ताप किती, औषध काय दिलं, उतरला की नाही, एवढंच लिहितो. आधीच्या पाळीने हयगय केली असं लिहिलं, की डॉक्टर ताप बाजूला ठेवून आमची भांडणं सोडवत बसतात."

ताईने पानावरून पुन्हा हात फिरवला. ‘वारंवार सांगूनही’ काढलं, तिथे तारखा आल्या. ‘हेळसांड’ गेलं. ‘मुलांच्या जिवाशी खेळ’ हे शब्द तिला फार आवडले होते, तेही गेले आणि त्या जागी मुलीला काय झालं ते तीन ओळींत आलं. पाण्याच्या तपासणीचे आकडे आले, मर्यादेच्या वर होते ते आणि आत होते तेही. आपण काय करून पाहिलं ते आलं. मास्तरांबद्दल लिहिताना मात्र ती अडली. त्यांनी फाईल दाबून ठेवली असेल, असं तिला मनातून वाटत होतं. पण तिला ते माहीत नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, "प्रस्ताव वर पाठवल्याचं व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, तो सध्या कुठे आहे याची मला माहिती नाही." शेवटी मागणी: मोटरबद्दल निर्णय कधी होईल ते कळावं, आणि तोवर संध्याकाळच्या तुकड्या लहान करायला परवानगी मिळावी.

सकाळी पाठवण्याआधी ती मास्तरांच्या खोलीत गेली. हे सगळ्यात अवघड होतं.

"मास्तर, पंख्याचं मी बाईंना कळवणार आहे. तुम्हाला प्रत असेलच, पण आधी तुम्ही वाचावं असं वाटलं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मला डावलून?"

"डावलायचं असतं तर इथे आले नसते."

त्यांनी वाचलं. मग हळूच म्हणाले, "मेकॅनिक एकदा नाही, दोनदा आला होता. दुसऱ्यांदा तुझी सुट्टी होती." ते पुढे सांगत राहिले. प्रस्ताव परत आला होता. वरच्यांना तीन ठिकाणचे भाव हवे होते आणि असली मोटर बसवणारे दोघेच सापडत होते. तिसरा मिळेना आणि मिळत नाही असं वर सांगायला त्यांची जीभ रेटेना. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कामावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

ताई ओशाळली. तिने विचारलं, "हे लिहू का यात?"

"लिही," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले. "आणि पाठवून टाक."

पुढचे दोन दिवस मास्तर कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या, तेही संध्याकाळी, तुकड्या पाण्यात असताना. काठावर उभ्या राहिल्या आणि थोड्याच वेळात रुमाल काढून डोळे टिपू लागल्या. ताईला बाजूला घेऊन त्यांनी सरळ विचारलं, "एवढे महिने हे रखडलं कोणामुळे? मास्तरांनी जोर लावला नाही, असंच ना?"

मान डोलावली असती तर काम झालंच असतं. ताई म्हणाली, "जोर लावला की नाही, ते मला सांगता येणार नाही. मेकॅनिक त्यांनी लगेच आणला. तिसरा भाव मिळत नाही, इथे ते अडलंय. दोघांच्या भावावर मंजुरी देता येईल का, एवढंच आम्हाला कळायला हवं."

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मास्तरांना बोलावलं. दोघांच्या भावावर मंजुरी देता येत होती. कारण लिहून द्यायचं आणि बाईंनी सही करायची, एवढंच. मास्तरांनी कारण तिथेच बसून लिहिलं. तुकड्या दुसऱ्या दिवसापासून लहान झाल्या. त्यावर काही पालक कुरकुरले, ते ताईने ऐकून घेतलं. मोटर यायला मात्र महिना लागला, कारण ती दुकानात तयार मिळत नव्हती. ती बसली आणि आठवड्याभरात जीवरक्षकांचे डोळे निवळले. ताईने त्या मुलीच्या आईला फोन केला. ती म्हणाली, बघू.

मास्तर काही लगेच पूर्वीसारखे झाले नाहीत. चहाला हाक मारत, पण गप्पा आखडत्या असत. मग एके दुपारी ताई पाण्याची तपासणी करत असताना ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"कपडे बदलायच्या खोलीतला गिझर गेलाय," ते म्हणाले. "मी आजच बाईंना कळवलंय. तुला प्रत आहे. वाचून बघ, काही चुकलं असेल तर सांग."