तुरीचं तास

दुसऱ्या दिवशी हिंगोलीत माझ्या दीक्षाची पोलीस भरतीची लेखी होती. अंकमालिकेतच तिचे मार्क जायचे. ३, ४, ८, १७, ३३ ही मालिका तिला लगेच सुटली. फरक १, ४, ९, १६, सगळे वर्ग. म्हणून पुढं पंचवीस मिळवून ५८.

नंतरची होती ७, ५०, १०, ४५, १३, ४०. इथंही ती फरकच काढत बसली. त्रेचाळीस वाढले, चाळीस घटले, पस्तीस वाढले.

"बाबा, वर्ग काहून येऊन राहिले न्हाईत?"

"मला इचारतीस व्हय? मी सातवी नापास. पण हे एकच पीक दिसत न्हाई."

ती हसली. तिची आई केशर माघात गेली. पेरणीच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. सोयाबीनमध्ये तूर पेरताना केशर बायांवर ओरडायची, "तुरीचं तास तुरीपासून मोजा गं, सोयाबीनपासून नगं!"

दीक्षानं एक आकडा सोडून एक वाचला. ७, १०, १३. मधले ५०, ४५, ४० पाचानं उतरत होते. पुढचा आकडा १६.

पेपर सुटल्यावर तिचा फोन आला. "बाबा, तुरीची दोन आली होती. दोन्ही बराबर."

मी केशरला सांगायला आत वळलो आणि दारातच थांबलो.