मधला माल ग्राइंडरला

दयारामकाकांची नोंद वाचायची तर माणसाने रजाच टाकावी, असं काशीरामशेठच्या प्लास्टिकच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. अहो, रात्रपाळीचा सुपरवायझर दिवसपाळीच्या सुपरवायझरला लिहून लिहून काय लिहिणार? कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, काय बिघडलं, काय करायचं राहिलं. झालं! पण काकांचा पेन एकदा सुटला की डास किती होते, चहात साखर कशी नव्हती, पंख्याचा आवाज कसा येतो, सगळं आलंच. मशीनचं काय ते मधेच कुठेतरी सापडायचं. म्हणून सगळ्यांनी एक सवय लावून घेतली होती. शेवटची ओळ बघायची. ती नेहमी एकच असायची, 'बाकी सर्व ठीक.' ती दिसली की सही ठोकायची.

किशोरीनेही तीच सवय उचलली. वाईट सवयी शिकवायला कुणी लागत नाही. ती पॅकिंगच्या टेबलावरून वर आलेली, पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत दिवसपाळी सांभाळणारी पहिलीच मुलगी. शेठने महिनाभर बघतो म्हणून सांगितलं होतं. "पोरी, एक जरी घोळ केलास ना, तर परत पॅकिंगला. मंग माज्याकडं रडत यायचं नाय." महिना आज भरत होता, आणि आईने तर आधीच अख्ख्या खांदा कॉलनीत पेढे वाटले होते. आता परत पॅकिंगला जायचं म्हणजे त्या पेढ्यांसकट तोंड कुठे लपवायचं?

त्या सकाळी दारात उरणचा टेम्पो उभा. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना. सखूबाईंची पिवळी घमेली जायची होती. सखूबाई म्हणजे उरणची बडी असामी, बंदरावरच्या सगळ्या कोळणींना घमेली पुरवणार त्या. तिकडे काकांची कर्नाळ्याकडची एसटी सुटायला आलेली. नियम असा, की दोघांनी मिळून मशीनवरून फेरी मारायची, नोंद वाचायची आणि मगच सही. पण फेरी कसली मारतात!

"काका, सगळं ठीक ना?"

"लिहिलंय सगळं. वाच म्हणजे झालं," काका डबा काखेत मारून पळाले.

किशोरीने शेवटची ओळ पाहिली, सही केली आणि डाव्या भिंतीशी गोणपाट टाकून झाकलेल्या थप्प्या दाखवून हमालांना म्हणाली, "चला, भरा पटापट, गोणपाटासकट." टेम्पो गेला. स्वतःवर एवढी खूश झाली बाई, की दहा वाजता भंगार दळणाऱ्या ग्राइंडरवाल्या आनंदाला तिने स्वतःहून चहा सांगितला.

चहा पिऊन आनंदाने विचारलं, "मॅडम, दळायचा माल कुठाय? काका म्हणाले होते, भिंतीशी ठेवलाय."

"कसला माल?"

"कालच्या रंगबदलाचा."

 किशोरीने वही ओढली. डास, साखर, पंखा, आणि पंख्याच्या खाली: 'मशीन दोनवर निळा रंग संपवून पिवळा सुरू केला. निळा लवकर सुटत नाही. मधला माल पट्ट्यापट्ट्यांचा आला, तो डाव्या भिंतीशी गोणपाटाखाली ठेवला आहे. कोणाच्या नजरेस पडू नये. ग्राइंडरला देऊन काळ्या मालात वापरावा. चांगला पिवळा माल उजव्या भिंतीशी.'

उजव्या भिंतीशी चांगला पिवळा माल ऐटीत बसला होता.

"मेले!" किशोरी म्हणाली. आनंदाला एवढं हसू आलं, की त्याला खालीच बसावं लागलं. तिने सखूबाईंना फोन लावला, तर उचलेनात. परत लावला, तर लागेना. तेवढ्यात शेठची गाडी आत आली.

लपवता आलं असतं. माल चुकून हमालांनी भरला म्हणायचं, काकांनी नीट सांगितलं नाही म्हणायचं. पण काकांनी तर पंख्यासकट सगळं लिहिलं होतं! ती वही घेऊन तडक केबिनमध्ये गेली आणि एका दमात म्हणाली, "शेठ, नोंद न वाचता मी सही केली. भंगार माल सखूबाईंना गेला. चूक माझी, काकांची नाही."

शेठ आधी लाल झाले, मग त्यांनी कारखाना डोक्यावर घेतला. "माज्या नावाची इज्जत घालवली! सखूबाईला भंगार? ती बाई मला उभा सोलंल!" आणि नेमका त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर सखूबाई. शेठचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "बोला ताई..."

सखूबाईंना फोनची गरज नव्हतीच, त्या उरणहून नुसत्या ओरडल्या असत्या तरी पनवेलला ऐकू आलं असतं. "काशीराम! यो कसला माल धाडलास रं?"

"ताई, चूक झाली, परत घेतो..."

"परत? हात लावून तर बघ! आमच्या बाया भांडतान हितं त्या घमेल्यांवरून! आरं, सगळ्यांची घमेली पिवळी, म्हावरा उतरला की रोज यकच बोंब, ह्यं माजं, ह्यं तुजं. चिंध्या बांधून दमलो आमी. ह्यात दोन सारखी नाय मिळत! जिची तिला वळखू येते. आजून धाड. पाचशे धाड!"

शेठने फोन ठेवला. किशोरीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, छताकडेही पाहिलं. मग ते जे हसायला लागले, ते खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकले. किशोरीला रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

"पन नोंद तू वाचली नाय," शेठ डोळे पुसत म्हणाले. "आज घमेली होती म्हनून हसतो. उद्या मशीन बिघडल्याचं लिवलं असंल आन कुनाचा हात गेला, तं? जागा पक्की तुजी. पन रोज सकाळी मशीनपाशी उभं राहून नोंद मोठ्यांदा वाचायची. सगळी. डास सोडायचे नाय."

संध्याकाळी काकांना निरोप मिळाला, की रात्रभर मुद्दाम पट्ट्यापट्ट्यांचा माल काढायचा. बिचारे काका! सगळा जन्म त्यांनी एकसारख्या रंगासाठी घालवला होता.

सकाळी दोन्ही पाळ्यांची माणसं मशीन दोनभोवती जमली. काका एसटी सोडून थांबले होते, चेहरा सुतकी. किशोरीने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. डास झाले, साखर झाली, मग: 'मशीन दोन. निळा आणि पिवळा रंग चिमटीचिमटीने सोडला. प्लास्टिक ढवळणाऱ्या स्क्रूवरचा दाब कमी केला म्हणजे रंग नीट मिसळत नाही. माल हवा तसा वाईट आला.' आनंदा खिदळायला लागला. किशोरीने ओठ चावून पुढे वाचलं. 'पहाटे मात्र हातून चूक झाली. बारा घमेली एकसारखी पिवळी, स्वच्छ निघाली. ती गोणपाटाखाली झाकून ठेवली आहेत. कोणाच्या नजरेस पडू नयेत. ग्राइंडरला द्यावीत.'

पुढचं तिला वाचताच येईना. हसून हसून वही हातातून निसटली, हमाल एकमेकांच्या गळ्यात पडले, मशीनच्या आवाजातही तो गलका बाहेर रस्त्यापर्यंत गेला.

"हसायला काय झालं?" काका चिडून म्हणाले. "अजून दीड पान राहिलंय. वाच."

किशोरीने वही उचलली, डोळे पुसले, आणि दीड पान वाचून मगच सही केली.