दोनबोटी

मी दोनबोटी बोलतेय. नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा, नाव ठेवलं तेव्हा अख्खं घर हसलं होतं. मी एक हातात धरायची काठी आहे. वरच्या पाव भागाचा रंग उडालेला, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, आणि अगदी खाली, रबरी बुचाच्या वर, पितळेचं एक कडं. त्या कड्यापाशीच माझ्या नावाची सगळी गोष्ट आहे. ती सांगणारी माणसं एकेक करून गेली, म्हणून आता मीच सांगते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. तो पुढे आजोबा म्हणूनच ओळखला गेला, तेव्हा मीही आजोबाच म्हणते. जेवणाच्या टेबलाचे पाय करून उरलेली एक सरळ पट्टी त्यांनी चार वर्षं भिंतीला लावून ठेवली होती. "हिचं काहीतरी चांगलं होणार आहे," असं ते म्हणायचे. पुढे त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला आणि ते चांगलं म्हणजे मी, हे त्यांना उमगलं. त्याचा त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटत नाही.

आजोबा कामात मोठे वाघ. "दोनदा मोजावं, एकदा कापावं," हे वाक्य हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी शंभरदा ऐकवलेलं. पण आपल्याला काठी लागते हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ते एकटेच मला घेऊन उभे राहिले. अनवाणी. एक हात सैल सोडला, मनगटाच्या रेघेपाशी खूण करायची म्हणून दुसऱ्या हातात पेन्सिल घेतली आणि खूण बघायला वाकले. वाकले की खांदा खाली येतो, खांद्याबरोबर मनगट खाली येतं. हे साधं गणित त्या मोठ्या कारागिराच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वाकूनच. मग कापलं.

संध्याकाळी पायात जोडे घालून ते मला टेकत घरी आले, तर एका बाजूला कलून चालत होते. आजी दारात उभी होती.

"काही पडलंय का? काय शोधताय वाकून?"

"काही नाही. काठी केलीय."

आजीने मला त्यांच्या बाजूला उभं केलं, त्यांना सरळ उभं राहायला लावलं आणि मनगट आणि माझी मूठ यांच्यामध्ये आपली दोन बोटं धरली. ती बरोबर मावली. मग ती एवढी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं.

"इतके दिवस तुम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आता जमीन दोन बोटं उरली!"

झालं. त्या रात्रीच्या जेवणात मी दोनबोटी झाले. आजोबांनी ताट सरकवून सांगितलं की हा शब्द या घरात पुन्हा निघता कामा नये. घरात एखादा शब्द रुजवायचा असेल तर त्याच्यावर बंदी घालावी, याच्याइतका सोपा उपाय मी पाहिलेला नाही. पोरं भिंतीआडून कुजबुजायला लागली. आजी भात वाढताना नुसती दोन बोटं वर करायची.

सहा दिवस आजोबा तसेच कलून चालले. नात पुढे सांगायची महिनाभर, तिचा दादा सांगायचा दहा दिवस. पण ते सहाच होते, मी त्यांच्या हातातच होते. सातव्या दिवशी त्यांनी माझा कापलेला, पण फेकून न दिलेला तुकडा शोधला. माझ्या आणि त्याच्या टोकाला बरोबर मधोमध भोक पाडलं, त्यात लाकडी खुंटी ठोकली, सरस लावला, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलं. सांधा सुटू नये म्हणून जुन्या नळीचं पितळी कडं कापून वर बसवलं. जोड इतका साफ की नखाला लागत नाही. मी पुरेशी लांब झाले. माझ्यात आता काहीच कमी नव्हतं, पण नाव तेच राहिलं.

आणि एक दिवस बाहेर निघताना आजोबाच ओरडले, "माझी दोनबोटी कुठं ठेवलीत रे?"

पोरांनी भिंतीआडून माना बाहेर काढल्या. मग आजी म्हणाली, "दाराच्या मागे आहे तुमची दोनबोटी." खरं बारसं माझं त्या दिवशी झालं. दुसऱ्यांनी चिडवलेलं नाव वाऱ्यावर असतं. ज्याला चिडवलं त्यानेच ते उचललं की घरचं होतं.

पुढे त्या नावाला पाय फुटले. कुणी हट्टाने एकट्याने काही करून बिघडवलं की "दोनबोटी झाली" म्हणायचे. सून घरात आली की आठवड्याच्या आत तिला माझी गोष्ट सांगितली जायची, आणि सांगताना दोन बोटं वर धरायचीच, असा नियम. ती हसली की ती घरातली. नात चार वर्षांची असताना माझ्यावर घोड्यासारखी बसायची, आणि आजोबा म्हणायचे, "हळू गं, कड्याला लागेल."

ती नात उंचीने थेट आजोबांवर गेली. धंदा मात्र तिने सुईदोऱ्याचा धरला. माणसं गेली, घर विकलं, दादा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. वाटणीत कुणी मला मागितलं नाही. तीच मला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली आणि दारामागे उभं केलं.

तिथे मी नऊ वर्षं उभी होते. सुरुवातीला धूळ पुसताना ती म्हणायची, "सरक गं दोनबोटे." पुढे नुसतंच पुसायची. नंतर तेही नाही. हाक मारायला नाव लागतं, पण नाव ऐकून हसायला दुसरं माणूस लागतं. ते तिच्याकडे नव्हतं. दिवसभर शिवणयंत्राचा आवाज, गिऱ्हाईक आलं की "सरळ उभ्या रहा, टेपकडे बघू नका," आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा यंत्राचा आवाज. मला माझं नाव आठवत राहावं म्हणून मी ते मनात म्हणत असे. काठीचं मन ते केवढं! पण तेवढ्यातही एकटेपणा मावतो.

मग गेल्या हिवाळ्यात तिचाही गुडघा बोलायला लागला. डावा. डॉक्टरांनी काठी उजव्या हातात धरायला सांगितली, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. तिने दार पुढे ओढलं, मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता हाक येईल. ती म्हणाली, "लांब वाटते."

आणि चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली ती बाई खोलीच्या मधोमध अनवाणी उभी राहिली, हात सैल सोडला, खडू घेतला आणि खूण बघायला वाकली.

मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. वरचं जास्तीचं मोजून तिने तेवढीच खूण खाली केली. खूण कड्याच्या जरा वर आली, अगदी दोन बोटांच्या जोडाला धरून. तेवढं कापलं की माझं नाव गेलं. कडं गेलं, खुंटी गेली, आजीचं हसणं गेलं, आणि उरली असती ती बाजारातल्या कुठल्याही काठीसारखी एक काठी.

छोटी करवत तिच्याकडे होती. ती शोधत असतानाच दादाचा फोन आला. महिन्यातून एकदा यायचा, दोन मिनिटांचा.

"काय करतेस?"

"काठी कापतेय. आजोबांची. लांब होतेय मला."

"माप कुणी घेतलं?"

"मीच. मला काय माप घेता येत नाही?"

मग दादा म्हणाला, "वाकून?"

ती खुर्चीवर बसली. करवत मांडीवर.

"अगं, दोनबोटी केलीस की," दादा म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. तीही हसली, आजीसारखीच, श्वास अडकेपर्यंत. कित्येक वर्षांनी माझं नाव त्या खोलीत घेतलं गेलं. फोन ठेवल्यावर मात्र तिचं हसू राहिलं नाही. दादाने शेवटी विचारलं होतं, "तिथे कुणी नाही का गं माप घ्यायला?" आणि ती "आहेत की" म्हणाली होती. ती खोटं बोलली होती. मला दोन्ही खोल्या माहीत आहेत.

दोन दिवस मी टेबलावर पडून होते, अंगावर खडूची खूण घेऊन. तिसऱ्या दिवशी तिने मला उचललं, जोडे घातले आणि समोरचं दार वाजवलं. तिथे बसवर कंडक्टर असलेली एक बाई राहायची. चार वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे दोघींचं बोलणं नव्हतं.

"एक काम होतं. माझं माप घ्याल?"

"मी? आणि तुमचं? अहो ताई, टेलर तुम्ही!"

"म्हणूनच."

कंडक्टरबाईंनी खडू घेतला आणि खणखणीत आवाजात फर्मावलं, "सरळ उभ्या रहा. खाली बघू नका हो! समोर बघा." नात समोर बघत राहिली. कुणीतरी तिचं मनगट धरलं होतं, आणि तिचे डोळे भरून आलेले मला खालून दिसले.

"कापायचं काय यात? बरोबर आहे की. रेघेपाशीच येते मूठ. बूच तेवढं झिजलंय, नवं बसवा," कंडक्टरबाई म्हणाल्या. "आणि हे कडं कसलं?"

नातीने नकळत दोन बोटं वर धरली.

आता मी रोज सकाळी फिरायला जाते. बाकीचा दिवस दारामागेच असते, आणि शिवणयंत्र चालूच असतं. सगळं बदललं असं म्हणणार नाही. कंडक्टरबाईंनी माझी गोष्ट डेपोत सांगितली, कशी ते मी जिन्यात त्यांच्याच तोंडून ऐकलं: "ताईंच्या आजोबांची दोन बोटं करवतीत गेली ना, म्हणून काठीचं नाव दोनबोटी." आजोबांची दहाच्या दहा बोटं शेवटपर्यंत शाबूत होती. पण मी रागावले नाही. चुकीची का होईना, नव्या तोंडात गेली.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातल्या दारामागे असं नाव असलेलं काही उभं असेल तर अधूनमधून त्याला हाक मारा. आणि स्वतःचं माप घ्यायची वेळ आली तर समोरचं दार वाजवा, लाज वाटली तरी. आजोबांसारख्या माणसालाही ते एकट्याने जमलं नव्हतं.

आता थांबते. बाहेर दारावर थाप पडलीय, आणि जिन्यातून रोजच्यासारखा खणखणीत आवाज येतोय, "ताई, दोनबोटी घेतलीत का? मग चला!"