सोंडेवरचे पंचवीस अंश

चाळिशी लागायला कुणाची परवानगी लागत नाही. ती लागते, माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचू लागतो, घरातली मंडळी चार दिवस हसतात, की संपलं. पण वहिनींना हे कोण सांगणार? डोंगर चढणाऱ्यांच्या त्या क्लबात नकाशा वाचावा तर वहिनींनी, असा वर्षानुवर्षांचा लौकिक. धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळा क्लब वहिनी म्हणे. आणि त्या दिराला भाऊजी म्हणत, म्हणून सगळ्यांचे ते भाऊजी. या भाऊजींना पुढारीपणाची भारी हौस. "वहिनी, आता जरा मागून चाला की. पुढचं आम्ही बघतो," असं ते हसत हसत म्हणायचे, पण वहिनींना ते हसणं टोचायचं. नाकावर चष्मा चढवून क्लबात पाऊल टाकलं, तर भाऊजींच्या हाती आयतं कोलीत मिळेल, हे त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

क्लबची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. जिना चढतानाच रबराच्या सोल्यूशनचा वास यायचा. आत एक लांब टेबल, खुंट्यांवर दोरांची वेटोळी, आणि लोखंडी कपाटात मूळ नकाशे. त्यांवरच्या तपकिरी रेषा केसासारख्या बारीक. एक रेष म्हणजे एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी. एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर गेलं की वीस मीटर चढलात किंवा उतरलात, आणि दर पाचवी रेष जाड, तिच्यावर उंचीचा आकडा. रेषा लांब लांब असल्या तर उतार सोपा, दाटीने उभ्या असल्या तर खडा. एवढं साधं. पण गेल्या काही महिन्यांत त्या रेषा वहिनींच्या डोळ्यांपुढे एकमेकींत मिसळून नुसता तपकिरी डाग व्हायला लागला होता.

मग त्यांनी युक्ती केली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नकाशा नेला आणि म्हणाल्या, "दुप्पट करून द्या. आणि वर प्लॅस्टिक चढवा." कागद हातात आला तेव्हा त्यांना असं हलकं वाटलं म्हणून सांगू! एकेक रेष वेगळी, एकेक आकडा स्पष्ट. मूळ नकाशा कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी त्यांनी वाट आखली. गावातून पायवाटेने खिंडीत चढायचं, तिथून डोंगराच्या धारेवरून थोडं पुढे जायचं आणि पलीकडच्या सोंडेवरून उतरायचं. सोंड म्हणजे डोंगराने खाली सोडलेली लांब वरंब्यासारखी उतरण. नकाशावर तिच्या रेषा वाकून उताराकडे तोंड करतात. नाळेचं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळीचं उलट, तिथे रेषांचं टोक चढाकडे घुसतं. हे वहिनींना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. सोंडेच्या माथ्यावर रेषा विरळ होत्या, खाली दाटत गेल्या होत्या. याचा अर्थ उतार कुबडासारखा, वरून पायथा दिसणार नाही. म्हणून त्यांनी उतार मोजायची पारदर्शक पट्टी काढली. तिच्यावर वेगवेगळ्या उतारांसाठी वेगवेगळ्या अंतराच्या खुणा असतात. रेषांमधल्या अंतराशी जी खूण जुळेल तो उतार. सगळ्यांत दाट जागी पट्टी पंचवीसवर जुळली. पंचवीस अंश म्हणजे जपून उतरायचं, पण उतरण्यासारखं. त्यांनी प्लॅस्टिकवर मार्करने सोंडेच्या जागी २५ लिहिलं.

क्लबचा एक जुना नियम होता. एकाने वाट आखायची, दुसऱ्याने ती स्वतः मोजून तपासायची. दुसरे म्हणजे भाऊजी. चहाचा कप एका हातात धरून त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "पंचवीस. बरोबर." खाली सही ठोकली. चहा अजून गरमच होता.

रविवारी दहाजण निघाले. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले काका होते, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर झुलवत चालणारे. वहिनी त्यांना वर्षानुवर्षं चिडवायच्या, "काका, दुर्बीण सांभाळा!" काका बिचारे हसून सोडून द्यायचे. चढ दमवणारा होता, पण खिंड आली ती ठरल्याच्या तासभर आधी. मंडळी खूश. "वहिनी, आज पायाला चाकं लावलीत की काय!" कुणीतरी म्हणालं. डबे उघडले, हशा झाला.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. चढाची उंची नकाशाप्रमाणेच भरली होती, पाय तेच सांगत होते. दहाजणांचा गट, त्यात काकांची चाल म्हणजे बैलगाडीची. हे लोक तासभर आधी येतातच कसे? उंची बरोबर आणि वेळ कमी, म्हणजे अंतर कमी भरलं. पण अंतर तर त्यांनी स्वतः फूटपट्टीने मोजलं होतं. धारेवरून सोंडेच्या माथ्यापर्यंत गेले, तिथेही तेच. निम्म्या वेळात माथा हजर. घाई करून उशीर झालेला त्यांनी खूपदा पाहिला होता. निवांत चालून लवकर पोचणं मात्र त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आज ते दोनदा झालं होतं.

मंडळी उरलंसुरलं खात गवतात टेकली. समोर सोंड पसरली होती. सुंदर गवत, मऊ उतार, पुढे कुबड आणि कुबडापलीकडे नुसती हवा. "चला, घसरगुंडीच आहे," म्हणत भाऊजी निघालेसुद्धा.

"थांबा, भाऊजी."

"आता काय, वहिनी? ऊन आहे, वेळ आहे. तुम्हीच तर आखलीय वाट."

"थांबा म्हटलं ना! कुणी एक पाऊल पुढे टाकायचं नाही." आवाज असा चढला की सगळ्यांच्या हातातलं खाणं हातातच राहिलं.

त्यांनी नकाशा उघडला. खाली कोपऱ्यात छापलं होतं, एकास पन्नास हजार. म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावरच त्यांनी अंतर मोजलं होतं. पण नकाशावर एकेक किलोमीटरचे चौकोनही असतात. त्या चौकोनाची बाजू मोजायला त्यांनी फूटपट्टी लावली, पण ही क्लबातली ठळक आकड्यांची नव्हे, खिशातली छोटी, आणि तिच्यावरच्या बारीक खुणा डोळ्यांपुढे विरघळल्या. झेरॉक्सवाल्याने नकाशा मोठा केला होता, फूटपट्टी कोण मोठी करणार?

 भाऊजी बघत होते, सगळे बघत होते. लाज वाटली, अगदी कान गरम झाले. मग गवतात बसलेल्या माणसांकडे त्यांचं लक्ष गेलं. कुणाची बायको, कुणाची लेक, काकांची ती गुडघ्याला बांधलेली पट्टी. आग लागो त्या लाजेला!

"काका," वहिनी म्हणाल्या, "तुमचा चष्मा द्या. मला दिसत नाही."

काकांनी एक शब्द न बोलता दोरी डोक्यावरून काढली. तेवढ्यासाठी वहिनींनी त्यांची आजवरची सगळी थट्टा मनातल्या मनात परत घेतली.

चष्मा लावला आणि चौकोन मोजला. बाजू भरली चार सेंटिमीटर.

"देवा रे," त्या खाली बसल्या. "नकाशा मी दुप्पट करून घेतलाय, भाऊजी. डोळ्यांसाठी. रेषा दुप्पट लांब गेल्या आणि खाली छापलेला आकडा तसाच राहिला. आणि उताराची पट्टी आपली मूळ नकाशाच्या मापाची. म्हणून चार किलोमीटरची वाट मला आठ दिसली, आणि ही सोंड दिसली सोपी."

"मग खरा उतार किती?" भाऊजींचा आवाज उतरला होता.

वहिनींनी जाड रेषांमधलं अंतर पुन्हा मोजलं, शंभर मीटर उतरायला आडवं अंतर किती ते मांडलं. शंभरावर जेमतेम सात-आठ मीटर. "त्रेचाळीसच्या आसपास. गवतावर त्रेचाळीस, आणि ते कुबडाखाली, जिथून परत वळता येत नाही."

 वाऱ्याने एक रिकामी पिशवी उडवली, ती कुबडापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

"मग इथून नाळेनं उतरू," भाऊजी बोट दाखवत म्हणाले. "जवळ पडेल."

"हे बघा, रेषांचं टोक वर घुसलंय, नाळ तर आहेच. पण इथे दोन जाड रेषा एकमेकींना चिकटल्यात. म्हणजे मधे कडा. पाण्याला उडी मारता येते, काकांना नाही." चष्म्यातून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचा आनंद होण्याइतकी फुरसत नव्हती. बोट धारेवरून पुढे सरकलं. "ही पलीकडची सोंड. वरपासून खालपर्यंत रेषा एकसारख्या, कुठे दाटी नाही. पट्टीवर बारा-तेरा अंश आले होते, लांबण पडेल म्हणून मी ती सोडली. आता दुरुस्त करून धरा, चोवीस. मला हवा होता तो उतार तिथे आहे, आणि धार तिथपर्यंत रुंद आहे. तासभर हातात आहेच. चला."

चालले. धारेवरून जाताना वहिनी पुढे होत्या, चष्मा नाकावर, दोरी मानेत. सोंड नकाशाने सांगितली तशीच निघाली. पाय रोवून, वाकड्यातिकड्या वळणांनी उतरता येईल अशी. काका दोनदा बुडावर बसले, तेवढंच.

निम्म्यावर आल्यावर कुणीतरी मागे वळून पाहिलं आणि "अरे बापरे" म्हणालं. पहिली सोंड आता बाजूने दिसत होती. कुबडापर्यंत हिरवी, आणि त्याखाली काळा, गुळगुळीत, ओला कातळ. सरळ नाळेत गेलेला. ज्या गवतावर ते डबे खाऊन उतरणार होते, ते तिथेच संपत होतं. वहिनी तिथल्याच एका दगडावर बसल्या.

भाऊजी शेजारी येऊन बसले. बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिले.

आता ऐकवणार, वहिनींना वाटलं. डोळे गेले, सोडा आता पुढारीपण. ऐकवू दे. चूक आपलीच आहे, आणि दहाजणांच्या जिवाशी गाठ होती.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "मी मोजलंच नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. पट्टी नुसती ठेवली. तुम्ही पंचवीस लिहिलं होतं, मी पंचवीस म्हटलं." त्यांनी वर पाहिलं नाही. "तुम्ही बघितलंय म्हटल्यावर आणखी काय बघायचं? आजवर तुमचं कधी चुकलंय? मागून चाला म्हणतो ती थट्टा हो. तुम्ही पुढे असलात की मी डोळे मिटून चालतो."

वहिनींना रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला.

"डोळे मिटून? माझे डोळे गेलेत आणि तुम्ही तुमचे मिटलेत? मग या दहाजणांना उतरवत कोण होतं, भाऊजी? माझ्यावर विश्वास ठेवायला नव्हती ती सही. माझ्यावर शंका घ्यायला होती!"

भाऊजींनी मान डोलावली. मग हात पुढे करून नकाशा मागितला, आणि पट्टी. वहिनींनी मानेतली दोरी काढली. "चष्मा हवा?"

"नको," म्हणत त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग जरा लांब धरला, मग आणखी लांब, पार हातभर. पुन्हा जवळ आणला.

"द्या," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी चष्मा दिला. भाऊजींनी तो लावला आणि उरलेल्या सोंडेचा उतार पहिल्या रेषेपासून मोजायला घेतला. वहिनी शेजारी बसून राहिल्या आणि ते सांगतील त्या आकड्याची वाट पाहू लागल्या.