चौथी चौकट

पूनमला अगदी सकाळीच कळलं की आपण मेलो. मंद्रूपच्या माळावर मेंढरांची लोकर कातरून झाली होती. तिनं काल दुपारपर्यंत मोबाइलवर चित्रण केलं होतं, आणि आता त्यातल्या एकाही तुकड्यात पहिली कातर दिसत नव्हती.

सोलापूरच्या एका प्रशिक्षण संस्थेनं तिला लोकर कशी कातरावी हे शिकवणारा व्हिडिओ करायला सांगितलं होतं. चांगला झाला तर तिथंच नोकरी. या भरवशावर तिनं लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ सोडला होता आणि तिच्या जागी दुसरी मुलगी बसलीही होती. हे हुकलं तर सोलापुरातली खोली सोडून परत मेंढरांमागं यायचं, जिथून आईनं तिला रक्ताचं पाणी करून शाळेत घातलं होतं. आणि सोमवारी संस्थेचे साहेब व्हिडिओ बघणार होते.

शिकवायचं सगळं त्या पहिल्या कातरीतच होतं. मेंढीचे पाय बांधून तिला आडवी करायची, डाव्या हातानं पोटाची कातडी ताणून धरायची आणि कातर सपाट टेकवून चालवायची. कातडी ढिली राहिली की तिची घडी कातरीत येते आणि रक्त निघतं. हे दिसलं नाही तर बाकीचं चित्रण म्हणजे नुसती करमणूक. आधी कागदावर दृश्यं लिहून घे, असं स्टुडिओत शिकवलेलं होतं. पण घरचंच काम, त्याला कसला कागद, म्हणून बाई तशाच निघाल्या होत्या. स्वतःच्या शहाणपणाचा तिला आता मनापासून राग आला.

कळपात लोकर असलेली एकच मेंढी उरली होती. पाय मुरगळला म्हणून चुलत्यानं, मायाप्पानं, तिला कालच्या दिवस बाजूला ठेवलं होतं. ही एकदा कातरली की पुढची लोकर कित्येक महिन्यांनी.

पूनम बाभळीखाली कागद घेऊन बसली. वरातीमागून घोडं, पण निघालं तरी. आधी तिनं दृश्यांच्या दोन याद्या केल्या. कातरीला धार लावणं, दोरीची गाठ, लोकरीचा ढीग, ही कधीही पुन्हा घेता येतील. पहिली कातर, पोट, पाठ, ही एकदाच. मग चौकटी आखून त्यांत काडीची माणसं काढली आणि प्रत्येकीखाली लिहिलं, लांबून की जवळून, मोबाइल कुठं. मेंढीचं डोकं सगळ्या चौकटींत डावीकडं ठेवलं, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल की जनावर मध्येच फिरलं. चौथ्या चौकटीत ताणलेली कातडी आणि कातर काढली.

मग कातर मिटलेलीच ठेवून मायाप्पाला सराव करायला लावला. तो हसत बसला, पण सगळं चौकटीबरहुकूम जमलं. तरी तिला एक कोडं सुटेना. सरावात सगळं दिसतंय, मग काल का नाही दिसलं? तिनं जुने तुकडे एकामागून एक पुन्हा लावले. प्रत्येकात त्याच क्षणी चुलत्याची पाठ. तिनं विचारलं, आप्पा, तुम्ही वळता का?

"देवाकडं तोंड केल्याबिगर पयली कातर लावत न्हाय की आमी," मायाप्पा म्हणाला. "आत्ता खोटं खोटं हुतं, म्हणून न्हाय वळलो."

बिरोबाचं देऊळ उगवतीला होतं आणि ती काल मावळतीला उभी होती, कारण बाभळीची सावली तिकडं होती. सावलीनं घात केला होता. आणि आज काढलेल्या चौकटीही त्याच सावलीत बसून काढलेल्या.

तिनं कागद उलटला आणि सगळं देवळाच्या बाजूनं पुन्हा काढलं. मेंढीचं डोकं आता उजवीकडं आलं, ते सगळीकडं उजवीकडंच केलं. मग मोबाइल घेऊन ती उन्हात उभी राहिली. मायाप्पानं मान हलवली.

"देवाच्या आन माज्या मदी उभं ऱ्हायचं न्हाय, पोरी."

पूनमला ब्रह्मांड आठवलं. पाया पडून विनवावं तर तो आणखी हट्टाला पेटला असता. तिनं चौकटीकडं पाहिलं, मेंढीच्या पोटाकडं पाहिलं आणि लेंड्यांनी भरलेल्या जमिनीवर सरळ पालथी पडली. मोबाइल पोटाच्या पातळीला आला. तिची सावलीही आता मेंढीवर पडत नव्हती. असं चालेल का, तिनं खालूनच विचारलं.

 मायाप्पानं तिच्या डोक्यावरून देवळाला हात जोडले, कातडी ताणली आणि कातर टेकवली. तिनं श्वास रोखून धरला होता. हात हलला असता तर सगळंच गेलं असतं. पोट झालं, पाठ झाली. पाय सोडल्यावर उघडी मेंढी लंगडत कळपात मिसळली.

आता काही चुकलं असलं तरी दुरुस्त होणार नव्हतं. तिनं आडवी असतानाच तुकडा लावला. डावा हात, ताणलेली कातडी, सपाट कातर. चौथी चौकट, काढली होती तशीच. ती उठलीच नाही, तोंड मातीत घालून रडायला लागली.

मायाप्पा घाबरून खाली बसला. "न्हाय आलं व्हय?"

"आलं, आप्पा," ती कशीबशी म्हणाली. "आलं."