पहिलं पान कुणाचं

बारा पानं. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या पत्रात तेवढीच मुभा होती. वास्तुकलेच्या मास्टर्सला प्रवेश हवा असेल तर स्वतःच्या कामांचे नमुने बारा पानांत बसवून पाठवा; त्यावरून निवड होईल.

शामकांतला वाटलं, बारा पानं भरायची कशी? मुंबईहून डिप्लोमा घेऊन नगरला परतल्याला चार वर्षं झाली होती. त्यात त्याने पुस्तकं पुष्कळ वाचली होती आणि इमारती दोन बांधल्या होत्या. तरी कपाटातून कागद काढले तेव्हा सत्तेचाळीस निघाले. एकही टाकवेना. मग स्वतःच्या कामाकडे परीक्षकाच्या नजरेने बघायचं ठरवलं, तर संध्याकाळपर्यंत एकही ठेववेना.

शेवटी तो मोझेस सरांकडे गेला. सरांनी जिल्हाभर शाळा, दवाखाने बांधले होते. त्यांनी कागद सतरंजीवर पसरले आणि चष्मा पुसत फेरी मारली.

"हे ग्रीक खांब चार वेळा का?"

"चारही चांगले आलेत, सर."

"एक ठेव. तुला खांब काढता येतात हे त्यांना एकदाच कळलं की पुरे. आणि ही पेन्सिलीची रेघ फोटोत लहान केल्यावर उडून जाईल. शाईने काढ. आता सांग, पहिलं काय?"

"आप्पासाहेबांचा बंगला."

"का?"

आप्पासाहेब पारनेरचे मोठे बागाईतदार. शिफारसपत्र त्यांनी दिलेलं. आहेराची ताटं मांडताना मानाचं ताट आधी मांडतात, तशी त्याने पानं लावली होती: आधी आप्पासाहेब, मग मुंबईचे प्राध्यापक, मग उरलेले.

"त्यांना आप्पासाहेब कोण ते ठाऊक नाही, बाळा. ते तुला शोधणार. शेवगावची शाळा कुठाय?"

ती त्याने घरीच ठेवली होती, कारण ती चुकली होती. संध्याकाळचा उजेड मिळावा म्हणून पुस्तकात वाचून त्याने पश्चिमेला मोठ्या खिडक्या ठेवल्या. मार्चात तिथल्या शिक्षिका मरियमबाईंनी त्याला बोलावून घेतलं. दुपारभर उन्हाबरोबर मुलं कशी सरकत जातात, ते बाईंनी खडूने फरशीवर आखून ठेवलं होतं. चार वाजता सगळा वर्ग एका कोपऱ्यात. बाई फक्त म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात, काहीतरी कराल." त्याने खिडक्या लहान करून उंचावर नेल्या, बाहेर पडवी काढली.

"पहिलं पान ते," सर म्हणाले. "खडूच्या खुणांसकट चुकलेला नकाशा, शेजारी सुधारलेला. मग उभा छेद, ऊन कुठवर येतं ते दाखवणारा. शेवटी फोटो. दुसरं जोरदार काम अगदी शेवटी. मधे बाकीचं."

"माझी चूक पहिल्याच पानावर? अमेरिकेला?"

"दुसरं काय आहे तुझ्याजवळ, जे तू स्वतः शोधलंस?"

शामकांत शाळेचे कागद आणायला घरी गेला.

पानं सुटी होती, फीत बांधायच्या पुठ्ठ्यात ठेवलेली. त्यामुळे शामकांतला एक भेकड युक्ती सुचली. टपालात टाकण्याआधी आप्पासाहेबांना नमुने बघायचे होते. त्यांच्यापुरता बंगला वर ठेवायचा, घरी येऊन पुन्हा खाली सरकवायचा. या युक्तीवर तो इतका खूश झाला की पारनेरच्या मोटारीत दोनदा हसला.

आप्पासाहेबांनी पहिलं पान पाहिलं. सज्जा, कमानी, कठड्यावरचे दोन सिंह. पुढचं पान उलटलंच नाही.

"लई झ्याक! आता परत कशाला न्हेतोस? आमीच धाडतो." आणि शामकांत घसा खाकरेपर्यंत पुठ्ठा कापडात शिवला गेला, गाठीवर लाख पडली, तीवर आप्पासाहेबांची मोहोर उमटली.

शामकांत उंबऱ्यापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला.

"काय हरवलं का रं?"

"आप्पासाहेब, ते... शिवण उसवावी लागेल."

"का म्हनून?"

"बंगला पहिला नको. म्हणजे... त्यात माझं काही नाही. कमान तुम्ही सांगितलीत. सिंह तुम्ही सांगितलेत. मी नुसतं काढलं."

शामकांतने मनातल्या मनात अमेरिकेची बोट, विद्यापीठ आणि शिफारसपत्र या तिन्हींचाही निरोप घेतला.

"म्हंजी बंगला माजा हाय?" आप्पासाहेब म्हणाले.

"हो. सगळा."

"सिंवासकट?"

"सिंहांसकट."

आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "आन् तू माजं काम आपल्या नावानं अमेरिकेला धाडत हुतास? चोरा! काढ भायेर!" त्यांनी स्वतःच चाकूने शिवण कापली, सिंहांचं पान उचललं आणि भिंतीवर लावायला बाजूला ठेवलं. मग सुट्या पानांतून त्यांच्या हाती शाळेचा नकाशा आला. खडूच्या खुणांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "ही पोरं का सरकत्यात?"

"उन्हामुळे. माझं चुकलं होतं."

"मग हे तुजं," ते म्हणाले आणि तेच पान वर ठेवलं.

अकराच पानं उरली. बारावं काय घालावं, म्हणून शामकांत उरलेली पानं पुन्हा चाळू लागला. मग त्याने तो विचार कसाबसा सोडून दिला. पुन्हा शिवण घालण्याआधी त्याने दौत मागून घेतली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शाईने आकडा घातला. कुणाच्या भिडेने क्रम बदलू नये म्हणून. आणि पुठ्ठा स्वतः टपालात टाकेपर्यंत आपल्याच भित्रेपणानेही नाही.