गुरुदास मास्तर फीत कापत नाहीत

आचऱ्यात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गुरुदास मास्तर मुंजीला येतील, बारशाला येतील, तेराव्याला तर बोलावण्याची वाटही बघणार नाहीत. पण नव्या दुकानाची फीत कापायला या म्हटलंत, तर विंचू दिसल्यासारखे दोन पावलं मागे सरतील. का, ते कुणाला माहीत नव्हतं. गावाने आपल्यापुरती कारणं शोधली होती. कुणी म्हणे म्हातारा शिष्ट आहे, कुणी म्हणे त्याचा हात अपशकुनी आहे आणि ते त्यालाच ठाऊक आहे. गावाचं तोंड कोण धरणार?

खरं कारण बावन्न सालचं होतं. त्या वर्षी भाई नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याने बाजारात कापडाचं दुकान काढलं. मास्तर गेले, फीत कापली, नारळ फोडला. तेवढ्यावर थांबते तर काही बिघडत नव्हतं. पण मास्तर माणूस, समोर चार डोकी दिसली की जीभ वळवळायचीच. "भाई माझ्या हाताखाली शिकलाय," ते म्हणाले, "या दुकानात कापड मापात बोटभर कमी मिळणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या बाजूला महादूचं कापडाचं दुकान होतं, तीन वर्षांचं. महादूही मास्तरांचाच विद्यार्थी. तो आपल्या पायरीवर उभा राहून ऐकत होता.

गावाने अर्थ काढला तो असा, की मग बोटभर कमी मिळतं ते महादूकडे. दोन वर्षांत महादूने फळ्या ओढल्या आणि बायकोपोरांना घेऊन मुंबई गाठली. मास्तर निरोपाला एस.टी.पाशी गेले, तर त्याने मान वळवली नाही. त्या दिवशी मास्तरांनी ठरवलं, यापुढे कुणाचं दुकान या हाताने उघडायचं नाही. सगळेच आपले विद्यार्थी. एकाच्या दारात उभं राहिलं की दुसऱ्याकडे पाठ होतेच. आणि कारण सांगायचं नाही. सांगितलं तर महादूच्या मापाची गोष्ट पुन्हा चघळली जाणार.

नकार देण्याचीही त्यांनी एक रीत बसवली होती. आमंत्रणाचा नारळ हातात घ्यायचा नाही. एकदा घेतला की होकार झाला. चहा पिण्याआधी सांगून टाकायचं. तब्येतीचं, परगावी जाण्याचं खोटं निमित्त द्यायचं नाही, कारण लोक भाबडेपणाने मुहूर्त पुढे ढकलतात. पत्रिका छापखान्यात जाण्याआधी नाही म्हणायचं. आणि मग तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन, चार गिऱ्हाइकांसारखं गिऱ्हाईक होऊन त्या दुकानात जायचं. एवढं पाळलं की सहसा कुणी फार दुखावत नसे.

त्रेसष्ट साली, दसऱ्याच्या आठ दिवस आधी, लवू आला. गोदूबाईचा मुलगा. बंदराच्या वाटेवर तो जाळ्याचं सूत, दोर, गळ असलं दुकान टाकत होता. हातात नारळ, सुपारी आणि पत्रिकेचा कच्चा कागद. कागदावर 'यांच्या शुभहस्ते' या शब्दांपुढे मास्तरांचं नाव शाईने लिहिलेलं.

या खेपेला नाही म्हणणं सोपं नव्हतं. कारण गोदूबाई म्हणजे कोण? चौदा वर्षं रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन त्यांच्या दारात बसणारी बाई. बायको गेल्यावर नऊ वर्षं त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज उमटला तो तिचाच. "मास्तरांनु, जेवलास काल? की पेजेवरच भागवलास?" असं विचारून ती बांगडे निवडून ठेवी, पावसाला शिव्या देई, गावातली भांडणं सांगे आणि उठून जाई. त्या पाव तासावर मास्तरांचा उरलेला दिवस निघायचा.

पण नियम तो नियम. नकार द्यायचा असला की मास्तर पुस्तकी मराठीत शिरत. "लवू, मी दुकानांची उद्घाटनं करीत नाही. धोंडू तांडेलांना बोलाव. बंदरावर त्यांच्याएवढं वडीलधारं कोण आहे? माझे आशीर्वाद आहेतच."

लवूचा नारळ धरलेला हात पुढे होता तसाच राहिला. "भाईचा दुकान तुम्ही उघडलास."

"त्यानंतर कुणाचंच उघडलं नाही."

"भाई बाजारातलो. आमी दर्यावरचे," लवू म्हणाला आणि आईचं बोलणं पुढे केलं, "आवय म्हणा होती, मास्तर आमका नाय म्हणूचे नाय."

मास्तरांच्या ओठांवर महादूचं नाव आलं आणि त्यांनी ते गिळलं. लवू चहा न घेता गेला.

पुढचे आठ दिवस गोदूबाई रोज आली. मासळी दिली, ख्यालीखुशाली विचारली; फितीबद्दल अवाक्षर नाही. मास्तरांनीही काढलं नाही. एक-दोनदा ती दारात उगाच घुटमळली, पदराने कपाळ पुसलं आणि "बरा तर, येतंय" म्हणून गेली. मास्तरांना वाटलं, चला, निभावलं.

दसऱ्याला धोंडू तांडेलाने फीत कापली. दुसऱ्या दिवशी गोदूबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मास्तर समजून चुकले. मनाशी म्हणाले, घ्या, पाळा नियम! रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघायचं, तर उंबऱ्यावरच पाय अडला. तिच्या डोळ्यांत 'आमी दर्यावरचे' हे वाचायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. सकाळी पायरीवर बसायचं, वाटेवर बांगड्यांचा आवाज झाला की ताठ व्हायचं, बाई पुढे निघून गेली की पुन्हा सैल. माणूस सत्तरीला आला तरी वाट बघायला शिकत नाही, नुसतीच बघतो.

बाविसाव्या दिवशी त्यांना राहवेना. नियमाचं कारण सांगून टाकायचं, महादूसकट, असं ठरवून ते बंदराच्या वाटेवर लवूच्या दुकानाकडे गेले. दुकानात गर्दी होती. गल्ल्यामागे पाटावर, उशीला पाठ टेकून, गोदूबाई बसली होती.

"येवा मास्तरांनु! आज वाट गावली?" तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

"गोदू, तू रागावलंस म्हणान..." मास्तर चक्क मालवणीत बोलले आणि गडबडीने महादूची सगळी हकिकत सांगू लागले.

तिने मध्येच हात वर केला. "ता माका ठाव आसा. महादूची बायल जाताना रडान सांगून गेली. लवूक राग इलो, ता खरा. माका कसलो?"

"मग येवचा कित्या सोडलंस?"

"टोपलीच सोडलंय मास्तर. कंबर गेली माझी. दोन वर्सां डोक्यार वजन सोसना नाय. म्हणान तर लवून ह्या दुकान काढल्यान, आवशीक बसान खाऊक." तिने उशी सरकवली. "तुमका बोलवलंय ता फितीसाठी नाय हो. उद्यापासून तुमच्या दारार येवचंय नाय, ह्या तुमका कसा सांगू? घराकडे सांगूक जीब उचलना. म्हटला, हंय येतले, फीत कापतले, मगे बसवन सांगीन. तुम्ही येवकच नाय. मगे आठ दिस रोज म्हटला, आज सांगतंय, आज सांगतंय."

मास्तरांना ते घुटमळणं आठवलं. चौदा वर्षं ही बाई रोज आपलं जेवण विचारत आली आणि तिची कंबर दुखते का, हे आपण एकदाही विचारलं नाही. लवूलाही नियम ऐकवला. दुकान कशासाठी काढतोस, एवढं नाही विचारलं.

मागून कुणीतरी सुताचं बंडल मागितलं. गोदूबाई तिकडे वळली, मग पुन्हा मास्तरांकडे. "काय दिव तुमका?"

मास्तरांना जाळ्याचं सूत लागत नव्हतं, दोर लागत नव्हता, गळही नाही. तिथे असं काहीच नव्हतं, जे घ्यायला त्यांना रोज येता आलं असतं.